दावणीचे पंचांग आपल्या हाती घ्या

एक गाय, एक म्हैस आणि एक कालवड एवढ्याच दौलतीवर संसार पेलणाऱ्या बंधु-भगिनींनो! ऐन पावसाळ्यात म्हशीला ताप भरतो, गळ्याला सूज येते, श्वास घरघरतो आणि दिवस-दीड दिवसात दावे रिकामे होते. शेजारी हळहळतात, "घटसर्पाने नेली, नशीब!" नशीब कसले? ज्या रोगाचा ऋतू ठाऊक आहे, ज्यावर लस आहे, त्याने ओढवलेल्या मृत्यूला दैव म्हणायचे की हेळसांड? आणि पहिली म्हैस मेल्यावर गावात अवतरणाऱ्या लसपेटीला उपकार का मानायचे? टोचल्यापासून अंगी प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. मृगाच्या सरी जूनमध्ये येणार, म्हणून घटसर्पाची लस मेच्या मध्यापर्यंत टोचून झालीच पाहिजे. हा हिशेब पावसापासून मागे मोजायचा असतो.

दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या आरंभी जन्मलेली तुमची कालवड घ्या. मार्चमध्ये ती चार महिन्यांची होते, तेव्हा लाळ्या-खुरकूताची पहिली मात्रा, महिन्याने दुसरी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबरात पुन्हा. एप्रिलमधली ती दुसरी मात्रा बहुतेक घरे विसरतात आणि तिथेच संरक्षण ढासळते. एप्रिलअखेर लम्पीची लस, मग मेमध्ये घटसर्प. लम्पी पसरवणाऱ्या माशा-डासांचे थवे पावसाबरोबर वाढतात. २०२२ साली महाराष्ट्राने लम्पीची साथ सोसली आहे. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले.

"टोचल्यावर दूध आटते," ही भीती अनाठायी नाही. दोन-चार दिवस धार थोडी कमी होते, क्वचित टोचल्या जागी गाठही येते. पण लाळ्या-खुरकूतातून वाचलेली संकरित गाय पाहिलीत? उन्हात धापा टाकते, वेत वाया जाते, पूर्वीचे दूध परतत नाही. दोन-चार दिवसांच्या धारेसाठी सारे वेत पणाला लावायचे का?

लस दारी आली म्हणजे काम संपले असे नव्हे. पेटीत बर्फ आहे का, हे विचारणे उद्धटपणा नव्हे, तुमचा अधिकार आहे. २ ते ८ अंशांबाहेर गेलेली लस, तापलेली काय वा गोठलेली काय, भरवशाची उरत नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई मागा, कारण दूषित सुईनेही लम्पी फिरतो. तापाने फणफणलेले जनावर त्या दिवशी वगळायला सांगा आणि पुढची तारीख लिहून घ्या. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा अंकांपुढे लसीची नोंद झाली की नाही, तेही डोळ्यांनी पाहा.

एकटा गोठा लसवंत करून भागत नाही. पाणवठा एक, चराई एक, बाजार एक. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या विधवेची गाय राहून गेली, तर लाळ्या तिथे मुक्काम ठोकतो. म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेला रिकाम्या हातांनी जाऊ नका. वस्तीवार जनावरांची यादी न्या, मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांतल्या तारखा मागा, आणि त्या इतिवृत्तात लिहिल्या जाईपर्यंत जागचे उठू नका.