रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं खोटं?

मालेगावातल्या एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंनी परवा डॉक्टरांच्या बैठकीत एक सिद्धांत मांडला आणि त्यावर बऱ्याच माना डोलल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पोट दुखतं म्हणजे पोटातलं काहीतरी दुखतं. सोनोग्राफी करावी, फार तर एन्डोस्कोपी करावी. काही निघालं तर त्याचा उपचार, नाही निघालं तर गॅस. गॅसच्या गोळीनं भागलं नाही तर टेन्शन. पोटाच्या भिंतीतली नस अडकते वगैरे परदेशी फॅशन आहे, आणि बोटानं पोट दाबून निदान करणं म्हणजे शंभर वर्षं मागं जाणं.

शंभर वर्षांचा हिशेब मात्र त्यांनी नकळत अचूक सांगितला. फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन कार्नेट यांनी ही तपासणी 1926 साली मांडली. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, म्हणूनच बहुधा ती मागासलेली ठरत असावी. पेशंटला उताणं झोपवायचं. सगळ्यांत जास्त दुखतं ती जागा एका बोटानं शोधायची आणि बोट तिथंच दाबून धरायचं. मग त्याला हात न टेकता डोकं आणि खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू फळीसारखे ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ही फळी मध्ये आल्यानं बोटाचा दाब आत पोचत नाही आणि कळ कमी होते. दुखणं भिंतीतच असेल तर ती तेवढीच राहते किंवा वाढते. पेशंट दचकतो, कधी बोट ढकलून देतो.

आता सोनोग्राफीकडे वळू, कारण सगळा सिद्धांत त्या एका खांबावर उभा आहे. सोनोग्राफी यकृत पाहते, पित्ताशय पाहते, मूत्रपिंडं, मूत्राशय, गर्भाशय पाहते. पोटाच्या त्वचेला संवेदना देणाऱ्या छातीच्या सातव्या ते बाराव्या मज्जातंतूंच्या बारीक शाखा नेहमीच्या तपासणीत कुणी शोधतच नाही. या शाखा बरगड्यांकडून स्नायूंच्या थरांमधून पुढं येतात आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या सरळ स्नायूच्या कडेपाशी जवळजवळ काटकोनात वळून, तंतुमय कड्यातून वर त्वचेकडे निघतात. अडकायची जागा नेमकी ती. खोकलं, उठलं, ओझं उचललं की स्नायू आवळतो आणि त्या कड्यात नस चेपते किंवा ताणली जाते. जी गोष्ट पाहिलीच नाही, ती रिपोर्टात नाही म्हणून पोटात नाही, हा कुठला न्याय?

बरं, रिपोर्ट कोरा आला तर एक वेळ बरं. खरा घोटाळा काहीतरी निघाल्यावर होतो. यकृतात थोडी चरबी निघते, पित्ताशयात एक निवांत पडलेला खडा निघतो, आतड्यात वायू निघतो. तो निघायचाच, आतड्यात दुसरं काय असणार? मग शोध लागल्याच्या आनंदात त्या खड्याला फाशीची शिक्षा होते. पित्ताशय जातं, टाके सुकतात आणि दुखणं जिथल्या तिथं राहतं. तेव्हा त्याला ‘ऑपरेशननंतरचा त्रास’ असं नवं नाव मिळतं.

यंत्रमागावर बीम चढवणारा तिशीतला एक कारागीर माझ्याकडे आला तो प्लास्टिकच्या पिशवीत असे बरेच कागद घेऊन. बेंबीच्या उजवीकडं, जरा खाली, वर्षभर दुखत होतं. आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, दोन सोनोग्राफ्या झाल्या, एन्डोस्कोपी झाली आणि शेवटी ‘अपेंडिक्स काढून टाकू’ असं ठरत आलं होतं. कुठं दुखतं विचारल्यावर त्यानं तर्जनीचं टोक एका ठिकाणी टेकवलं. आतल्या दुखण्याचा पेशंट बहुधा तळवा फिरवतो. जेवणाशी, शौचाशी दुखण्याचा काही संबंध नव्हता. खाटेवरून उठताना, बीम उचलताना आणि त्या कुशीवर झोपल्यावर मात्र कळ यायची. ताप नाही, उलटी नाही, वजन घटलेलं नाही. त्या जागेवरची कातडी चिमटीत धरली तर तो कळवळला, डाव्या बाजूला तशीच चिमटी धरली तर नुसता बघत राहिला. डोकं उचलायला सांगितलं तशी माझ्या बोटाखालची कळ वाढली. त्याच बिंदूवर, स्नायूच्या आवरणाजवळ, एक टक्का लिग्नोकेन दिलं. थोड्या वेळानं तो स्वतःच उठून बसला आणि वाकून पाहू लागला. त्या कागदांच्या ढिगात पोटाला हात लावल्याची नोंद एकाही कागदावर नव्हती.

यावरून एक जुना वाद आठवतो. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देणाऱ्यांवर आम्ही डॉक्टर मंडळी मनसोक्त तुटून पडायचो. शास्त्राच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण तो चोळणारा निदान पोटाला हात तरी लावायचा! आज पेशंट खुर्चीत बसतो न बसतो तोच सोनोग्राफीची चिठ्ठी त्याच्या हातात पडते आणि यालाच आपण प्रगती म्हणतो.

बाकीचे आक्षेप किरकोळ. ‘टेन्शन असेल’ म्हणता, तर टेन्शन एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत कसं मावतं? ‘सुईनं समाधान होतं, औषधानं नाही’ म्हणता, तर नेदरलँड्समध्ये औषध आणि नुसतं मिठाचं पाणी यांची तुलना झाली आहे आणि औषध सरस ठरलं आहे. ‘अपेंडिक्स हातून सुटेल’ हा आक्षेप मात्र खरा आहे. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की ही तपासणी फसवा होकार देते. हर्निया, स्नायूतला रक्तस्राव, नागीण यांतही ती होकारार्थी येते. म्हणून दुखणं नवं असेल, ताप, उलट्या, कावीळ, शौचातून रक्त किंवा वजनात घट असेल, किंवा वय उतरणीला लागलेलं असेल, तर आत पाहिलंच पाहिजे. दुखणं भिंतीत आहे की आत, एवढंच ही तपासणी सांगते. ते किती धोक्याचं आहे हे ती सांगत नाही.

मग उपाय काय? त्या बिंदूवर भूल देणारं औषध. तेवढ्यानं काहींचं दुखणं कायमचं जातं, बऱ्याच जणांना ते पुन्हा द्यावं लागतं. दाद न देणाऱ्यांसाठी ती शाखा कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत 44 पेशंट होते. निम्म्यांची नस कापली, निम्म्यांना नुसतीच चीर दिली. नस कापलेल्या 22 पैकी 16 जणांना चांगला आराम पडला, नुसती चीर दिलेल्या 22 पैकी चौघांना. म्हणजे नस कापूनही सहा जण तसेच राहिले. जादू नाहीच ही.

माझी मागणी माफक आहे. महिनोन्‌महिने एकाच बोटभर जागेवर दुखत असेल, तर पुढची चिठ्ठी लिहिण्याआधी पेशंटला झोपवा, बोट ठेवा आणि डोकं उचलायला सांगा. त्यानंतर सोनोग्राफी खुशाल करा, पण रिपोर्ट कोरा आला म्हणून पेशंटला खोटं ठरवू नका.