वडिलांच्या तिथीला मित्राला काय लिहावं?

मित्राच्या वडिलांच्या पुण्यतिथीला मेसेज पाठवण्याआधी त्यांच्या घरी तिथी पाळतात की तारीख, हे माहीत करून घ्यावं. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते आणि मध्ये अधिक मास आला तर तारखेच्याही पुढे जाते. श्राद्ध उरकून घर सावरलेलं असताना आपला मेसेज गेला, तर मिटलेलं दुःख पुन्हा उघडतं. मजकुरात आजारपण, शेवटचे दिवस, ‘अजून खरं वाटत नाही’ असलं काही नको. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही नको, ते शब्द त्याने पहिल्या दिवशी शेकड्याने वाचलेले असतात. त्यापेक्षा धडधाकट काकांची एकच आठवण लिहावी: “आज काकांची आठवण आली. पंक्चर कुठे आहे ते शोधायला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात कशी फिरवायची, हे त्यांनीच आपल्याला अंगणात बसून शिकवलं. बुडबुडा दिसला की आपल्याआधी तेच ओरडायचे. उत्तर द्यायची घाई नको.” यातलं शेवटचं वाक्य फार मोलाचं, कारण त्या दिवशी घरात नैवेद्य, पाहुणे, फोन यांची गडबड असते आणि उत्तराचं ओझं नको असतं. ‘कसा आहेस?’ हा प्रश्न चार दिवसांनी, फोनवर विचारावा. तेव्हा घर रिकामं झालेलं असतं आणि त्याला बोलायचंही असतं. तो फोन मात्र चुकवू नका.