दाव्यातला ‘जो’ कोणाचा? कापसाच्या पेटंटाचे मराठी आणि विशेषणांची गर्दी

पेटंटाचा दावा मराठीला पेलवत नाही, असे एक मत विद्वानांच्या बैठकीत अधूनमधून ऐकू येते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. मराठीला तो पेलवतो. पेलवत नाही ती इंग्रजी वाक्याची न मोडता उचललेली मोळी. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादेत आणि पलीकडे यवतमाळात ज्या कापसावर आपली घरे चालतात, त्याच कापसाच्या एका पेटंटावरून हे दाखवून देण्याचा आमचा विचार आहे.

भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ हे मोन्सॅन्टो कंपनीचे होते. बीजी-२ कपाशीत बोंडअळीला मारणारी जी दोन प्रथिने असतात, त्यांतल्या क्राय-टू-एबी या प्रथिनाशी त्याचा संबंध. हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ११ एप्रिल २०१८ रोजी ते अवैध ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि वैधतेचा प्रश्न पुरावे घेऊन तपासावा, म्हणून खटला एकसदस्यीय पीठाकडे परत पाठवला. एवढा मोठा वाद झाला, पण आपल्या गावांत त्याचे एकच वाक्य पोचले : “कंपनीने बियाण्याचे पेटंट घेतले.”

हे वाक्य भाषांतर म्हणून चुकीचे आहे. वादाच्या केंद्रस्थानी असलेल्या २५व्या दाव्याचे मुख्य नाम ‘बियाणे’ नाही आणि ‘वनस्पती’ही नाही, ते आहे ‘न्यूक्लिइक आम्लाचा क्रम’. वनस्पतीची पेशी त्या दाव्यात येते ती पुढच्या एका उपवाक्यात. आता हा क्रम बियाण्यात उतरल्यावर तो बियाण्याचाच भाग मानावा की नाही, आणि पेटंट कायद्याच्या कलम ३(ञ)मधील वनस्पती व बियाण्यांवरची बंदी त्याला लागू होते की नाही, हाच तर खटल्याचा गाभा होता. म्हणजे ज्या प्रश्नावर न्यायालये भांडली, त्याचे उत्तर आमच्या भाषांतरकारांनी मुख्य नाम बदलून आधीच देऊन टाकले! शेतकऱ्याने कोणाचीही बाजू घ्यावी. पण वाद कशावर होता हे तरी त्याला कळू द्यावे.

पुढची चूक अधिक सूक्ष्म आहे. दाव्याचा आशय असा : एक प्रवर्तक, म्हणजे जनुकाचे वाचन सुरू करून देणारा डीएनएचा भाग, तो पहिल्या क्रमाशी जोडलेला. पहिल्या क्रमात संक्रमण पेप्टाइडचा संकेत. हे पेप्टाइड म्हणजे प्रथिनाला पेशीतल्या योग्य कप्प्याकडे नेणारी पत्त्याची चिठ्ठी. पहिला क्रम जोडलेला दुसऱ्याशी, आणि दुसऱ्यात क्राय-टू-एबीचा संकेत. इंग्रजीत अशी लांब विशेषणे नामाच्या मागून येतात, म्हणून ही साखळी डावीकडून उजवीकडे उलगडते. मराठी विशेषण मात्र नामाच्या आधी येते. शब्दाला शब्द लावणारा भाषांतरकार मग असे लिहितो :

“संक्रमण पेप्टाइडचा संकेत वाहणाऱ्या पहिल्या क्रमाला वाचनचौकट राखून जोडलेल्या क्राय-टू-एबी प्रथिनाचा संकेत वाहणाऱ्या दुसऱ्या क्रमाला कार्यकारी रीतीने जोडलेला प्रवर्तक असलेला न्यूक्लिइक आम्लाचा क्रम.”

व्याकरणाने हे वाक्य निर्दोष आहे, अर्थाने मात्र सदोष. प्रवर्तक येथे दुसऱ्या क्रमाला चिकटला. मुळात तो पहिल्याला आहे. आणि ‘जोडलेल्या’ हे विशेषण कोणाचे? लगतच्या प्रथिनाचे की पुढच्या दुसऱ्या क्रमाचे? वाक्य सांगत नाही, कारण नाम विभक्तीत गेले की त्याच्या विशेषणाचे सामान्यरूप होते आणि त्यातला लिंगभेद पुसला जातो. जोडलेला क्रम, जोडलेली साखळी, जोडलेले प्रथिन. पण जोडलेल्या क्रमाला, जोडलेल्या साखळीला, जोडलेल्या प्रथिनाला. कोण कोणाचे, हे सांगणारी मराठीची खूण आपणच आपल्या हाताने पुसतो आणि दोष भाषेला देतो.

उपाय मराठीच्या घरातच आहे. विशेषणांची रास मोडावी, प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळ आणि नाव द्यावे, आणि संबंधी सर्वनाम शक्यतो प्रथमेत ठेवावे :

न्यूक्लिइक आम्लाचा मुख्य क्रम, ज्यात पुढील घटकांचा समावेश आहे :
(अ) प्रवर्तक, जो पहिल्या क्रमाशी कार्यकारी रीतीने जोडलेला आहे;
(आ) पहिला क्रम, जो संक्रमण पेप्टाइडचा संकेत वाहतो आणि जो वाचनचौकट राखून दुसऱ्या क्रमाशी जोडलेला आहे;
(इ) दुसरा क्रम, जो क्राय-टू-एबी प्रथिनाचा संकेत वाहतो.

(आ)मधला दुसरा ‘जो’ पाहा. इंग्रजीत त्या जागी असलेले सर्वनाम लगतच्या पेप्टाइडलाही लागू शकते आणि मागच्या क्रमालाही. मराठीत ‘जो’ म्हटले की क्रम, ‘जे’ म्हटले की पेप्टाइड. एका मात्रेने निवाडा होतो. निवड बरोबर आहे हे विज्ञान सांगते : डीएनएची अक्षरे तिना-तिनांच्या गटांनी वाचली जातात, आणि जोडावर एखादे अक्षर घसरले तर पुढचे सारे वाचन बिघडते. वाचनचौकट हा डीएनएच्या क्रमाचा गुण आहे, पेप्टाइडचा नव्हे. म्हणून ‘जो’.

दाव्याच्या उत्तरार्धात वनस्पतीपेशी हा क्रम वाचून संयुक्त प्रथिन तयार करते. त्याच्या अमिनो टोकाला संक्रमण पेप्टाइड असते, जे क्राय-टू-एबीशी सहसंयोजक बंधाने जोडलेले असते. येथे ‘जे’ हवे, आणि ते पेप्टाइडच्या लगतच हवे. कारण पेप्टाइड आणि प्रथिन दोन्ही नपुंसकलिंगी, त्यामुळे लिंगाची खूण येथे उपयोगाची नाही. मराठी सर्वशक्तिमान आहे असा आमचा दावा नाही. जेथे लिंग वाचवत नाही, तेथे नाम पुन्हा लिहावे. नुसते ‘सदर’ किंवा ‘तो’ लिहून भागत नाही, कारण या दाव्यात क्रमच तीन आहेत : ‘सदर क्रम’ म्हणजे कोणता? ‘सदर मुख्य क्रम’ असेच लिहावे लागेल. पुनरुक्तीची लाज निबंधात बाळगावी, दाव्यात नव्हे.

एक मर्यादाही सांगतो. ओळी पाडणे म्हणजे अर्थ लावणे. मुळातच संदिग्धता असेल आणि विज्ञानानेही ती सुटत नसेल, तर भाषांतरकाराने गुपचूप एक बाजू निवडू नये. दोन्ही अर्थ टिपेत द्यावेत.

भाषांतर उतरले की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. इंग्रजी न पाहिलेल्या, पण विषय जाणणाऱ्या माणसाला केवळ मराठी मजकूर द्यावा आणि घटकांच्या चौकटी ओळीने काढायला सांगाव्यात : प्रवर्तक, पहिला क्रम, दुसरा क्रम, आणि कोणाचा बाण कोणाकडे. मघाच्या राशीवरून चित्र काढले तर प्रवर्तकाचा बाण थेट दुसऱ्या क्रमाकडे जाईल. चित्र चुकले, तर चूक वाचकाची नाही.

पेटंट नियमांनुसार कार्यालयात कागदपत्रे हिंदीत वा इंग्रजीत लागतात. मराठी भाषांतराला तेथे स्थान नाही. म्हणून ते कसेही केले तरी चालेल, असे मानणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. न्यायालयासाठी इंग्रजी दावा आहेच. सरकी पेरणाऱ्याजवळ मात्र मराठी भाषांतराखेरीज दुसरे काही नाही, आणि ते चुकले तर चूक दाखवणारा मूळ मजकूरही त्याच्या हाती नसतो.