मोबाईल : शाप की वरदान? आधी वही कोणाची ते पाहा

निबंधांच्या यादीत हा विषय हमखास असतो. उर्दूच्या वहीत तो ‘रहमत या जहमत’ म्हणून येतो, मराठीच्या वहीत ‘शाप की वरदान’ म्हणून. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी दोन्ही भाषा शिकवतो. हल्ली मुले हा निबंध मोबाईलमधूनच उतरवून आणतात आणि घरचेही म्हणतात, ‘सर, अक्षर तर छान आहे ना!’

उतरवलेला निबंध ओळखणे अवघड नाही. मराठीत लिंगे तीन, उर्दूत दोनच. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून आमची मुले ‘माझे पुस्तक’ऐवजी ‘माझी पुस्तक’ लिहितात. ‘ळ’ आणि ‘ण’ त्यांच्या रोजच्या बोलण्यात नसतात, म्हणून ‘शाळा’ची ‘शाला’ होते आणि ‘पाणी’चे ‘पानी’. ‘मी सांगितले’च्या जागी ‘मी ने सांगितले’ येते. ज्या वहीत यातले काहीच नाही, पण ‘विज्ञानाची अमूल्य देणगी’ मात्र आहे, ती वही मुलाच्या मनातून आलेली नसते. ‘अमूल्य म्हणजे काय?’ विचारले की तो गप्प होतो. ‘अरे, अनमोल!’ म्हटले की चेहरा उजळतो. शब्द त्याच्याकडे होता, मोबाईलने तो शोधू दिला नाही.

म्हणून मी आता शीर्षक तेच ठेवतो, पण प्रश्न बदलतो. काल तुमच्या घरात मोबाईल कोणाकडे होता? तुम्हाला किती वेळ मिळाला? त्यात काय केले?

आठवीतल्या एका मुलीने लिहिले की घरात एकच मोबाईल आहे आणि तो अब्बूंबरोबर कामावर जातो. अभ्यास ग्रुपवर दुपारी ४ वाजता येतो, अब्बू रात्री ९ वाजता. आधी दहावीतला भाईजान घेतो, मग धाकट्याला कार्टून हवे असते. तिची पाळी येते तेव्हा अम्मी म्हणते, आता झोप. तिच्यासाठी मोबाईल शापही नाही आणि वरदानही नाही, तो फक्त उशिरा येतो.

या निबंधात ‘शाला’ होती, ‘माझी पुस्तक’ही होते. पण त्या चुका तिच्या होत्या, म्हणून मला त्या शिकवता आल्या. उतरवलेल्या वहीत शिकवण्यासारखे काही उरत नाही.

मोबाईल वर्ज्य करा, असे मी म्हणत नाही. आधी कच्चा निबंध वहीत लिहावा, मग अडलेल्या शब्दाचा अर्थ आणि उच्चार मोबाईलवर पाहावा. क्रम उलटा झाला तर कीबोर्ड ‘शाळा’ आपोआप बरोबर लिहितो आणि मुलाच्या जिभेवर ‘शाला’च राहते.

शिक्षकांनी ग्रुपवर दुपारी पाठवलेला अभ्यास त्याच रात्री मागू नये, एक दिवस जास्त द्यावा. आणि पालकांनी बिनचूक वही पाहून खूश होण्याआधी मुलाला एक वाक्य तोंडी सांगायला लावावे.