उष्टं कोण म्हणतं?

आपल्याकडे एखाद्याने चहाची चालती टपरी विकत घेतली की त्याचे मित्रच त्याला म्हणतात, "दुसऱ्याचं उष्टं कायले खातं बे? सोताचं काढ ना काई!" शून्यातून उभं केलं म्हणजे मर्दपणा, आणि दुसऱ्याने उभं केलेलं पैसे मोजून घेतलं म्हणजे डोकं नाही, हिंमत नाही. मोबाईलवर दिवसभर जी भाषणं आपल्यापर्यंत येतात, त्यांनी या समजुतीला आणखी खतपाणी घातलं आहे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. अमरावती-अकोल्यात दीड-दोन लाख हातात असलेल्या पोराने नवं दुकान थाटण्याआधी चालतं दुकान पाहावं. मात्र "चालू धंदा विकणे आहे" या पाटीतल्या 'चालू' शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, हे विसरू नये.

समजा, अमरावतीत कॉलेजच्या रस्त्यावर एका गाळ्यातली चहाची टपरी विकायला आहे. मालक चार लाख मागतो. "भाऊ, रोजचे सहाशे कप जातेत, महिन्याचे सदतीस हजार सुटतेत." वहीतही तेच लिहिलेलं असतं. वही बाजूला ठेवा आणि दूधवाल्याकडे जा. एक लिटर दुधात पाणी घालून, उकळून, टपरीच्या छोट्या कपाने साधारण पंधरा चहा होतात. सहाशे कपांना चाळीस लिटर दूध लागेल. दूधवाल्याच्या महिन्याच्या हिशेबात रोज सत्तावीस लिटर असेल, तर कप चारशेच जातात. वही खोटी लिहिता येते, पण दोनशे कपांचं न घेतलेलं दूध कुणी उकळू शकत नाही. गॅसच्या सिलिंडरची बिलंही याच कामाला येतात. त्याशिवाय चार-पाच दिवस समोरच्या बाकावर बसून मोजा. त्यात एक रविवार आणि कॉलेजच्या सुट्टीचा एक दिवस हवाच, कारण विकणारा तुम्हाला गर्दीच्याच वेळेला बोलावतो.

आता चारशे कपांचा हिशेब. चहा दहा रुपयांचा. दूध साठ रुपये लिटर धरलं तर कपाला चार रुपये दूध, आणि साखर, पत्ती, गॅस, कागदी कप मिळून आणखी दोन रुपये साठ पैसे. कपामागे तीन रुपये चाळीस पैसे उरतात, म्हणजे दिवसाचे 1,360. त्यातून गाळ्याचं भाडं रोजचं 270 आणि पोऱ्याची मजुरी 350 वजा करा. राहिले 740. महिन्यात सव्वीस दिवस धरले तर एकोणीस हजार.

इथेच बहुतेक जण फसतात. हे एकोणीस हजार काही धंद्याचा नफा नव्हेत. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तुम्ही उभे राहता, त्या उभं राहण्याची मजुरी त्यातच आहे. तुमच्या जागी दुसरा माणूस ठेवला तर बारा हजार द्यावे लागतील. ते काढले की धंद्याची स्वतःची कमाई उरते सात हजार. एवढ्या छोट्या धंद्यासाठी मी एका वर्षाच्या अशा कमाईपेक्षा जास्त देणार नाही: चौऱ्याऐंशी हजार. भगोणी, शेगडी, फ्रीज, बाकडी यांची जुन्या बाजारातली किंमत साठ हजार धरू. एकूण एक लाख चव्वेचाळीस हजार. चार लाखांचा भाव तिथेच बसला.

"मग चौऱ्याऐंशी हजार तरी हवेसाठी कायले द्यायचे?" हा प्रश्न रास्त आहे, आणि वादाचा खरा मुद्दाही हाच आहे. त्याच रस्त्यावर नवी टपरी टाकली तर पहिल्या महिन्यात शंभर कप जातात असं धरा, सहा महिन्यांनी दोनशे. भाडं आणि पोऱ्या मिळून रोजचे 620 निघायलाच एकशे त्र्याऐंशी कप लागतात. म्हणजे सहा महिने सरासरी रोज एकशे दहा रुपये घरचेच घालायचे, ते झाले सतरा हजार. तुमची सहा महिन्यांची मजुरी बुडाली, ती बहात्तर हजार. एकोणनव्वद हजार इथेच गेले, आणि नवं सामान लाखभराचं. एवढं करून सातव्या महिन्यात तुम्ही दोनशे कपांवर उभे असता, चारशेवर नाही. शून्यातून उभं करणाऱ्याने ती रक्कम दिलेलीच असते. फक्त ती कुणाच्या हातात मोजून दिली नाही, म्हणून दिसत नाही.

आता माझ्याच बाजूविरुद्ध. गाळा नसेल, रस्त्यावरची हातगाडी असेल, तर 'जागेचे' पैसे एक रुपयाही देऊ नका. 2014च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं की प्रमाणपत्र आणि ठरलेली जागा तो दुसऱ्या कुणालाही देणार नाही, भाड्यानेसुद्धा. मृत्यू, कायमचं अपंगत्व किंवा आजारपण आलं तरच घरातल्या माणसाला त्याच्या जागी बसता येतं. तेव्हा "चौकातली मोक्याची जागा दोन लाखांत" म्हणणारा जे विकतो आहे ते त्याचं नाहीच. गाडी घ्या, भांडी घ्या, बस्स. गाळ्यातही जुन्या भाडेकराच्या शब्दावर जाऊ नका. गाळामालकाशी तुमच्या नावाचा नोंदणीकृत करार होईपर्यंत टोकनच्या पुढे पैसे सरकू देऊ नयेत.

आणि विकणाऱ्याने पुढच्या महिन्यात शेजारीच दुसरी टपरी टाकली तर? एरवी कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार कायद्यात टिकत नाही. पण 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27मध्ये याच प्रसंगासाठी अपवाद आहे: धंद्याचं नाव आणि गिऱ्हाईक विकणारा माणूस ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचं बांधून देऊ शकतो, हद्द वाजवी असली म्हणजे झालं. अख्खा जिल्हा लिहू नका, तो रस्ता आणि तो परिसर लिहा. आणि नावासकट धंदा घेतला असंही लिहा, नाहीतर तो फक्त भांड्यांचा व्यवहार ठरतो.

शिकवणीचा वर्ग याहून नाजूक. अकोल्यात कुणी सर नोकरी लागली म्हणून किंवा पुण्याला जातो म्हणून आठवी ते दहावीचा क्लास विकतात. "साठ पोरं आहेत," असं सांगतात. विचारा, दहावीची किती? अठ्ठावीस असतील तर ती मार्चमध्ये उठून जाणार. तुम्ही विकत घेता आठवी-नववीची बत्तीस. त्यातली काही सरांसाठी येत होती, खुर्च्यांसाठी नाही. चहा कोण देतो याने चवीत फारसा फरक पडत नाही, गणित कोण शिकवतो याने पडतो. म्हणून इथे एकरकमी पैसे देणं हा शुद्ध मूर्खपणा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. एक तृतीयांश रक्कम तेव्हा द्या, बाकीची दिवाळीनंतर बाकावर जितकी पोरं उरली असतील त्या हिशेबाने. सर याला तयार नसतील तर पोरं टिकणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे.

पुढच्या वर्षाची फी सरांनी आधीच घेतली आहे का, हेही पालकांनाच विचारा, सरांना नव्हे. घेतली असेल तर ती किमतीतून वजा झाली पाहिजे, नाहीतर वर्षभर तुम्ही फुकट शिकवाल. पहिला महिना सरांनी तुमच्यासोबत वर्गात बसायचं, हे करारात हवं. आणि पाटीवरचा मोबाईल नंबर, तेच सिमकार्ड, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसकट तुमच्या नावावर झालं पाहिजे. बाकं पंधरा दिवस उशिरा मिळाली तरी चालतील, सिमकार्ड पहिल्याच दिवशी घ्या.