गाडीच्या पॉलिसीतले १५ लाख नक्की कोणाचे?

गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करताना ‘ओनर-ड्रायव्हर पर्सनल ॲक्सिडेंट, १५ लाख’ ही ओळ तुम्ही पाहिली असेल. बरेच जण काहीशे रुपये वाचवायला ती काढतात. बाकीचे भरतात आणि समजतात, चला, आता अपघाताची काळजी मिटली. माझ्या मते दोघंही चुकतात.

आधी पैसे कधी मिळतात ते बघू. मालक गाडी चालवताना, किंवा तिच्यात चढता-उतरताना अपघात झाला आणि सहा महिन्यांच्या आत त्या जखमेने मृत्यू झाला, तर वारसाला पूर्ण १५ लाख. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले, किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तरी १५ लाख. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर निम्मे, म्हणजे साडेसात लाख.

आता समजा, माल आणताना तुमची स्कूटर घसरली. पाय मोडला, प्लेट टाकली, बिल झालं १ लाख ८० हजार आणि दुकान तीन महिने बंद. या कव्हरमधून किती मिळणार? शून्य. कारण पाय मोडला, पण कायमचा गेला नाही. हॉस्पिटलचं बिल आणि बुडालेला धंदा यात बसतच नाही. त्यासाठी मेडिक्लेम वेगळा हवा.

दुसरी गोष्ट नावाची, आणि आपण दुकानदार इथेच फसतो. आरसी बुकवर मालक, पॉलिसीवर विमाधारक आणि अपघाताच्या वेळी चालू लायसन्स असलेला, हे तिन्ही एकच माणूस लागतो. स्कूटर बायकोच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर पॉलिसीच्या अटीप्रमाणे ‘ओनर-ड्रायव्हर’ तुम्ही नाही. दोन भावांनी पार्टनरशिप फर्मच्या नावावर छोटा टेम्पो घेतला, तर हे कव्हर मिळतच नाही, कारण फर्म काही गाडी चालवत नाही. पगारी ड्रायव्हरही यात येत नाही, त्याच्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि दारू पिऊन चालवली तर क्लेम संपलाच.

मग करायचं काय? २०१९ पासून हे कव्हर स्वतंत्र पॉलिसी म्हणूनही घेता येतं. दोन-तीन गाड्या तुमच्याच नावावर असतील तर प्रत्येक गाडीला पुन्हा घ्यायची गरज नाही. मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाची किमान १५ लाखांची दुसरी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी असेल, तरच रिन्यूअलमधून ही ओळ काढा. गाडी फर्मच्या किंवा घरच्यांच्या नावावर असेल, तर स्वतःच्या नावाने साधी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्या, ती गाडीला नाही, माणसाला चिकटते.

आज दुकान बंद करण्याआधी आरसी, पॉलिसी आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीवर नाव एकच आहे का? आणि पॉलिसीत नॉमिनीचा रकाना कोरा तर नाही ना, तेवढं बघून घ्या.