ठळक केलं म्हणजे मथळा होत नाही

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळाचं वर्षातून एकदा चार पानी पत्रक निघतं. चाकण, राजगुरुनगर, भोसरी, निगडी अशी सगळीकडे पांगलेली मंडळी आहेत. पूर्वी पत्रक छापून पोस्टाने पाठवायचो, आता पीडीएफ करून व्हॉट्सॅपवर टाकतो. टाइप करायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, आणि ते आपण नेटकं करतो असा माझा समज होता.

या वेळचं पत्रक गेलं त्याच संध्याकाळी आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. हे सर भूगोल शिकवायचे. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. आता संगणकावर एनव्हीडीए नावाचा वाचक बसवून सगळं ऐकतात. (हा वाचक फुकट मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणानेच तो लिहायला घेतला. त्यात मराठी आवाजही आहे.) सर म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाला श्रद्धांजली वाहिलीत आणि कुणाचं अभिनंदन केलंत, तेवढं सांगा. मला दोन्ही एकाच माणसाचं ऐकू आलं."

मी हसले, पण त्यांनी फोनवरच यंत्राचा आवाज ऐकवला तेव्हा हसू थांबलं. डाव्या स्तंभात श्रद्धांजली होती, उजव्या स्तंभात नातवंडांचं कौतुक. यंत्र वाचत होतं, "आपले ज्येष्ठ सहकारी दीर्घ आजाराने... दहावीत ब्याण्णव टक्के गुण मिळवून... निवर्तले, त्यांच्या जाण्याने... सर्वांना अतिशय आनंद झाला." ज्यांच्याबद्दल ते होतं, ते सरांचे वीस वर्षांचे मित्र होते.

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. मी टाइपरायटरवर शिकलेली बाई. दोन स्तंभ करायचे म्हणजे ओळ अर्धी लिहायची, टॅब दाबायचा आणि पुढची अर्धी लिहायची, हीच माझी रीत. डोळ्यांना मधली मोकळी जागा दिसते, म्हणून आपण डावीकडचं संपवून मग उजवीकडे जातो. फाइलीत मात्र ती एकच सलग ओळ असते.

मग मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. पीडीएफ हे मुळात चित्र काढायच्या सूचनांचं बाड आहे. हे अक्षर इथे, ते तिथे, एवढंच त्यात असतं. मथळा कुठला, परिच्छेद कुठे संपला, आधी काय आणि नंतर काय, हे सांगण्यासाठी आत एक वेगळा सांगाडा ठेवावा लागतो. त्याला टॅग म्हणतात. मुख्य मथळ्याला `H1`, त्याखालच्याला `H2`, परिच्छेदाला `P`, तक्त्याला `Table`. हे टॅग पानावर दिसत नाहीत, पण वाचक-यंत्र त्यांच्याच क्रमाने चालतं. मथळे टॅग केलेले असले की सर `H` ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात, जसे आपण पानं चाळतो. माझ्या पत्रकात ते `H` दाबत राहिले आणि यंत्र मथळा नाही म्हणत राहिलं. मी मथळे फक्त ठळक आणि मोठे केले होते ना!

भाच्याच्या संगणकावर पीडीएफ दुरुस्त करायचं विकतचं सॉफ्टवेअर होतं. त्याला आपोआप टॅग लावायला सांगितलं. त्याने अक्षरांच्या आकारावरून अंदाज बांधले. मोठ्या टाइपात घातलेलं सुभाषित त्याने मथळा ठरवलं आणि 'वार्षिक हिशेब' हा खरा मथळा साधा परिच्छेद. एकेक टॅग हाताने ओढून जागेवर लावण्यात आमची दुपार गेली. आणि मग लक्षात आलं की सभेची तारीख चुकली आहे! मूळ वर्डच्या फाइलीत तारीख बदलून नवी पीडीएफ केली, तर दुपारभराचे टॅग गायब.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. टॅग मागाहून लावायची गोष्ट नाही आणि ती संगणकवाल्यांवर सोपवायची तर मुळीच नाही. आधी काय आणि नंतर काय, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून ते लिहितानाच सांगावं.

मी पत्रक पुन्हा केलं. मथळा ठळक करण्याऐवजी वर्डमधल्या Styles मधून `Heading 1` आणि `Heading 2` दिलं. त्यांचा टाइप आवडला नाही तर बदलता येतो, नाव तेच राहतं. स्तंभ Layout मधल्या Columns ने केले. सभासदांची यादी टॅबने न मांडता खराखुरा तक्ता घातला आणि पहिल्या ओळीला `Repeat Header Rows` लावलं. त्यामुळे यंत्र प्रत्येक रकान्याआधी 'गाव' किंवा 'फोन' असं सांगतं. फोटोला त्यात काय आहे याचं एक वाक्य जोडलं. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली. शेवटी Save As करून पीडीएफ निवडली आणि Options मध्ये `Document structure tags for accessibility` वर खूण असल्याची खात्री केली. इथे एक खाचखळगा आहे. Print मध्ये जाऊन पीडीएफ केली तर दिसायला तीच फाइल तयार होते, पण सांगाडा गळून पडतो.

टॅग आहेत का हे बघायला अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलीचे Properties उघडावेत. खाली `Tagged PDF: Yes` किंवा `No` असं येतं. पण Yes आलं म्हणून हुरळून जाऊ नये. सांगाडा आहे एवढंच त्यावरून कळतं, तो बरोबर आहे की नाही ते कळत नाही. माझ्या टॅबवाल्या पानालाही टॅग लागले असते आणि श्रद्धांजली तशीच विस्कटलेली राहिली असती. क्रम तपासायचा तर डोळे मिटून फाइल ऐकावीच लागते.

टॅगलाही मर्यादा आहेत. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यात वाचायला अक्षरंच नसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फाइलीत पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तिथे टॅग कितीही नीट लावले तरी यंत्र अगम्य काहीतरी बोलतं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवली की लगेच उलगडा होतो. आमची २०१० च्या आधीची सगळी पत्रकं अशीच निघाली. ती पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही. दोन झाली आहेत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वाचता येईल असा असावा ही जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आमच्या चार पानांसाठी कुणी कायद्याचं पुस्तक घेऊन येणार नाही. पण चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांत 'मथळा कुठे आहे?' असा लाल शेरा मारला, त्या मला हा शेरा स्वतःच्या पत्रकावर मारावा लागला!

नवं पत्रक सरांना पाठवलं. रात्री फोन आला. म्हणाले, "बाई, आज श्रद्धांजली सलग ऐकली. दोनदा ऐकली." मग थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही.